हिरवी बिलं

तीनशे खाटांच्या त्या रुग्णालयात सगळे त्यांना समोर ‘ताई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘आकडेबाई’. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि दुसरं जरा जास्त आवडत होतं. अंतर्गत तपासणीचा विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन कपाटं, एक टेबल आणि आकडेबाई. कामाला लागल्या तेव्हा त्या बिलं संगणकात भरायच्या. बारा वर्षं फक्त तेवढंच केलं. डोळ्यांनी बिल बघायचं, बोटांनी आकडा मारायचा, बिल उलटून ठेवायचं. त्या बारा वर्षांत त्यांच्या बोटांना एक गोष्ट कळली होती, पण तिला नाव नव्हतं. बिलं एकपासून सुरू व्हायची तेवढी नऊपासून व्हायची नाहीत.

नाव मिळालं ते पुढे, तपासनीस झाल्यावर, एका दोन दिवसांच्या प्रशिक्षणात. शिकवणाऱ्या गृहस्थांनी फळ्यावर नऊ आकडे लिहिले आणि विचारलं, की खरेदीच्या हजारो बिलांमध्ये रकमेचा पहिला अंक एक असेल अशी बिलं किती निघतील? सगळे म्हणाले, नवातला एक हिस्सा, शंभरात अकरा. गृहस्थ म्हणाले, शंभरात तीस. दोनची साडेसतरा, तीनची साडेबारा, असं उतरत उतरत नऊची साडेचारच्या आसपास. वर्गात हशा पिकला. आकडेबाई हसल्या नाहीत. त्यांची बोटं आपोआप टेबलावर वाजू लागली.

त्यामागचं कारण त्यांना बाहेर चहा पिताना समजलं, आणि तेही स्वतःचं स्वतः. शंभराची रक्कम दोनशेवर न्यायची तर ती दुप्पट व्हावी लागते. तोवर ती एकाच्याच घरात रेंगाळते. नऊशेची हजारावर न्यायला मात्र नवव्या हिश्शाची वाढ पुरते. म्हणजे नऊच्या घरात रक्कम पाय ठेवते न ठेवते तोच बाहेर पडते. लहानमोठ्या, ऐसपैस पसरलेल्या रकमांचा ढीग असला की त्यात एकाचा मुक्काम जास्त आणि नऊचा कमी. आणि माणूस मनाने आकडे रचायला बसला, की त्याला हे भान राहत नाही. तो सगळ्या अंकांना सारखं वाटत सुटतो, नाहीतर एखाद्या लाडक्या अंकाकडे पुन्हा पुन्हा वळतो.

घरी येऊन त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. त्याने ऐकून घेतलं, आतून आपली वही आणली आणि त्यांच्यापुढे उघडून ठेवली.

“अगं, माझ्या वहीत एकपासून सुरू होणारी एकही रक्कम नाही. तीनशेच्या खाली मी हात लावत नाही, आणि हजाराचं काम माझ्याकडे येतंय कुठे? मग मी चोर का?”

बाईंनी वही चाळली. तीनशे, साडेतीनशे, चारशे, सहाशे. नवऱ्याला चोर म्हणण्यासारखी बरीच कारणं त्यांच्याकडे होती, पण त्यात हे नव्हतं. त्या रात्रीचा स्वयंपाक होईपर्यंत त्यांनी नियमाला कुंपण घातलं होतं. रकमा फार अरुंद पट्ट्यात कोंडलेल्या असतील, दर ठरलेला असेल, खालची किंवा वरची मर्यादा बांधलेली असेल, किंवा बिलं मूठभरच असतील, तर हा नियम लावायचाच नाही. हे त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी ते पान फाडून त्यावर कुणाच्या तरी इस्त्रीची मापं लिहिली, हा भाग वेगळा.

पुढची आठ वर्षं त्यांनी ही चाळणी गुपचूप वापरली. चाळणीत काही अडकलं की त्या उठून त्या विभागात जायच्या, कागद मागायच्या, वस्तू हाताळून बघायच्या. नुसत्या कागदावरच्या अंकांवरून त्यांनी कुणाला कधी जाब विचारला नव्हता.

मग नवे प्रशासक आले. तरतरीत माणूस, वेळेचा पक्का, कामाचा उरक दांडगा. त्यांनी हीच चाळणी लावणारी एक संगणक प्रणाली विकत घेतली. ती वर्षभराची बिलं गिळायची आणि प्रत्येक विभागापुढे, प्रत्येक पुरवठादारापुढे रंग टाकायची. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गडबड. पहिला अहवाल आला तेव्हा प्रशासकांनी आकडेबाईंना वर बोलावलं. नऊ हजार दोनशे बिलांमध्ये दोन नावं लाल होती. एक डायलिसिस विभागाच्या प्रमुख सिस्टर, दुसरे देखभालीचे फोरमन, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणत. दोघांनाही निलंबनाचं पत्र द्यायचं प्रशासकांनी ठरवलं होतं. पत्रं टाईप होऊन टेबलावर पडली होती, सही तेवढी बाकी होती.

“ताई, माणसं खोटं बोलतात. आकडे बोलत नाहीत,” प्रशासक म्हणाले.

बाईंनी अहवाल शांतपणे शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, “साहेब, हे आकडे एवढंच सांगताहेत, की इथे जाऊन बघा. काय दिसेल ते नाही सांगत. मला तीन दिवस द्या. पत्रं खणात ठेवा.”

प्रशासकांना हे फारसं रुचलं नाही. पण जिन्याखालच्या त्या बाई आजवर कधी रिकाम्या हाताने वर आल्या नव्हत्या, हे त्यांना आल्या आल्या कुणीतरी सांगून ठेवलं होतं. त्यांनी पत्रं खणात टाकली.

डायलिसिसचा उलगडा तासाभरात झाला. सिस्टरांची वर्षभराची बिलं तीनशे दहा. त्यांपैकी एकशे नव्वद बिलांचा पहिला अंक सात. नियमाने सातची अठरा-एकोणीस निघायला हवी होती. प्रणाली बिचारी भडकली नसती तरच नवल. आकडेबाई विभागात गेल्या तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती. सिस्टर आणि त्या एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, डबे एकत्र खाल्लेल्या. आज सिस्टरांनी खुर्चीही पुढे केली नाही. बिलांची फाईल, पाण्याच्या यंत्राची नोंदवही आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि त्या रुग्णांकडे निघून गेल्या.

डायलिसिसला लागणारं पाणी गाळणाऱ्या यंत्राचा फिल्टर संच दर दोन दिवसांनी बदलावा लागे. संचाचा दर वर्षाच्या कराराने बांधलेला, सातशे चाळीस. साठवायला जागा नाही म्हणून एकेक मागवायचा. एकशे नव्वद बिलांपैकी एकशे शहाऐंशी नेमकी सातशे चाळीसची होती. बाईंनी प्रत्येक बिलाची तारीख नोंदवहीतल्या बदलण्याच्या तारखेशी जुळवली, मग कपाटातले शिल्लक संच मोजले. दोन असायला हवेत, दोनच होते.

जाताना त्या सिस्टरांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. “सगळं बरोबर आहे,” त्या हळूच म्हणाल्या.

“ते मला माहीतच होतं,” सिस्टर रुग्णाच्या हातावरची पट्टी सारखी करत म्हणाल्या. “पण काल जेवणाच्या खोलीत मी आले आणि दोन टेबलं गप्प झाली. ते कुठल्या वहीत लिहिणार तू?”

बाई तशाच खाली आल्या आणि आल्या आल्या प्रशासकांना चिठ्ठी पाठवली, की सिस्टरांचं पत्र फाडावं, आणि फाडल्याचं विभागप्रमुखांच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगावं.

मिस्त्रींचं प्रकरण मात्र इतकं सरळ नव्हतं. पहिल्या अंकावर त्यांची बिलं चारकडे झुकलेली दिसत होती. बाईंनी पहिले दोन अंक घेऊन पुन्हा मोजणी केली, तेव्हा खरा उंचवटा वर आला. रुग्णालयाच्या सगळ्या बिलांमध्ये एकोणपन्नासने सुरू होणारी ऐंशीच्या आसपास हवी होती, निघाली दोनशे छत्तीस. अठ्ठेचाळीसचीही जवळजवळ दुप्पट. आणि हा फुगवटा सगळा चार हजार आठशे ते पाच हजार या पट्ट्यातला. पाच हजारांच्या आतलं बिल विभागप्रमुख स्वतःच्या सहीने मंजूर करू शकत असे, त्यावरच्याला अधीक्षकांची सही लागे. जास्तीच्या बिलांतली बहुतेक मिस्त्रींची होती. इथे ठरलेला दर नव्हता, करार नव्हता. इथे माणसाचा हात होता, यात शंका नव्हती.

मिस्त्रींचं गोदाम तळघरात होतं. पाईपचे तुकडे, मोटारींचे सांगाडे, खिळ्यांचे डबे, सगळं जिथल्या तिथे. मिस्त्रींनी स्टूल पुसून दिलं. बाईंनी तीन बिलं त्यांच्यापुढे मांडली. एकच दुकान, एकच तारीख, लागोपाठचे क्रमांक. चार हजार आठशे नव्वद, चार हजार आठशे पन्नास, चार हजार नऊशे.

“चौदा हजार सहाशे चाळीस,” मिस्त्री बिलांकडे न बघताच म्हणाले. “तिसऱ्या मजल्याचा पंप. जळाला होता.”

“मग एक बिल का नाही?”

मिस्त्रींनी भिंतीवरची एक फाईल काढली. तिच्यात अधीक्षकांकडे पाठवलेल्या अर्जांच्या प्रती होत्या, पाठवल्याची तारीख वर आणि सही होऊन आल्याची तारीख खाली. अकरा दिवस, अठरा दिवस, तेवीस दिवस. तिसऱ्या मजल्यावर बाळंतिणी होत्या. तिथे अठरा दिवस पाणी नाही, असं आपल्याला कुणाला सांगता आलं नसतं, मिस्त्री म्हणाले. म्हणून दुकानदाराला तीन बिलं करायला लावली. एकदा जमलं, मग सवयच पडली.

बाईंनी लगेच विश्वास ठेवला नाही. तो दिवस आणि दुसरा अर्धा दिवस त्या मिस्त्रींबरोबर फिरल्या. पंपाचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडला. अशी तोडलेली चाळीस कामं निवडली आणि चाळीसही डोळ्यांनी पाहिली, काही तर शिडीवर चढून. तीन दुकानांतून दर मागवले. मिस्त्रींचे दर दोन ठिकाणी थोडे चढे, बाकी रास्त किंवा कमीच. नियम मोडला होता, आणि जाणूनबुजून मोडला होता. पण पैसा कुठे गेलेला नव्हता.

“तुम्ही चोरी केली नाहीत, हे मी लिहीन,” बाई शेवटी म्हणाल्या. “नियम मोडलात, हेही लिहीन.”

मिस्त्रींनी मान हलवली. मग पाना खाली ठेवत ते म्हणाले, “लिहा ताई. माझं लाल होतं म्हणून तुम्ही इथवर आलात, शिडीवर चढलात. ज्यांचं हिरवं आहे, त्यांच्या दारात कोण जातं?”

बोलण्यात कडवटपणा नव्हता, पण शब्द बाईंच्या मनात रुतले. खोलीत आल्यावर त्यांनी हिरव्यांची यादी काढली. सगळ्यात सुंदर हिरवा होता धुलाईचा ठेकेदार. चादरी, गाऊन, शस्त्रक्रियेचे कपडे, सगळं त्याच्याकडे जाई. वर्षाची सव्वीसशे बिलं, शंभरापासून बारा हजारांपर्यंत पसरलेली. एकची तीस टक्के, दोनची साडेसतरा, नऊची साडेचार. प्रशासकांनी बैठकीत हाच तक्ता पडद्यावर दाखवून म्हटलं होतं, की प्रामाणिक माणसाची बिलं अशी दिसतात.

बाईंनी मग एक प्रयोग केला. रुग्णालयाची सगळी बिलं घेतली आणि प्रत्येक रकमेला एक पूर्णांक एक दशांशाने गुणलं, म्हणजे प्रत्येक बिल दहा टक्क्यांनी फुगवलं. पुन्हा अंक मोजले. तक्ता जागचा फारसा हलला नाही. वीस टक्क्यांनी फुगवलं, तरी तेच. एकाचं बिल फुगून दोनच्या घरात गेलं, की नऊच्या घरातलं फुगून एकाच्या घरात येऊन बसत होतं. मनाने रचलेला आकडा ही चाळणी पकडत होती. पण खऱ्या आकड्यांनाच कुणी एकाच मापाने, इमानेइतबारे फुगवलं, तर चाळणीला त्याचा गंधही येत नव्हता. बाई खुर्चीत मागे टेकल्या. आठ वर्षांत हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता, याची त्यांना थोडी लाज वाटली.

मग त्यांनी हिरव्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहायला घेतली. माल मोजतं कोण? औषधं भांडारात मोजली जात, रुग्णालयाची माणसं मोजत. धान्य स्वयंपाकघराच्या काट्यावर चढे. ऑक्सिजनच्या टाक्या दारावर मोजल्या जात. अख्ख्या यादीत एकच पुरवठादार असा होता, ज्याचा माल त्याच्याच काट्यावर तोलला जाई. धुलाईचे पैसे किलोवर होते, मळके कपडे कोरडे तोलायचे असा करार होता, आणि काटा ठेकेदार स्वतःच्या गाडीतून आणत होता.

तीन दिवस संपले होते. बाईंनी वर जाऊन आणखी एक आठवडा मागितला. प्रशासकांनी विचारलं, धुलाईत काय सापडलं? काहीच नाही, बाई म्हणाल्या, म्हणून तर जायचंय. प्रशासक त्यांच्याकडे बघतच राहिले. पण त्यांनी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुलाईची गाडी मागच्या दाराला लागली, तेव्हा तिथे स्वयंपाकघराचा काटा मांडलेला होता. त्याच्या शेजारी बाई आणि त्यांच्या खांद्याला लावलेली पिशवी. पिशवीत वजनमाप कार्यालयाची प्रमाणित वजनं, आदल्याच दिवशी आणलेली. प्रत्येक गाठोडं आधी एका काट्यावर, मग लगेच दुसऱ्यावर. बाईंच्या काट्यावर वीस किलो, ठेकेदाराच्या काट्यावर साडेतेवीस. इथे चाळीस, तिथे सत्तेचाळीस. इथे बारा, तिथे चौदाला शंभर ग्रॅम जास्त. ठेकेदार आधी हसला. मग म्हणाला, कपडे दमट असतात. बाई म्हणाल्या, दमट असतील तर दोन्ही काट्यांवर दमट असतील. मग तो म्हणाला, स्वयंपाकघराचा काटाच हलका आहे. तेव्हा बाईंनी पिशवीतून दहा किलोचं प्रमाणित वजन काढलं. स्वयंपाकघराच्या काट्याने दहा दाखवलं. ठेकेदाराच्या काट्याने अकरा किलो सातशे पन्नास. त्यानंतर ठेकेदार नुसता फोन लावत राहिला.

बाईंनी तरी घाई केली नाही. पाच दिवस, चाळीस गाठोडी. प्रत्येक वेळी फरक त्याच प्रमाणात, शेकडा साडेसतरा जास्त. प्रत्येक नोंदीखाली ठेकेदाराच्या माणसाची आणि वॉर्डच्या माणसाची सही. वर्षाचं धुलाईचं बिल छप्पन्न लाखांचं होतं. काटा वर्षभर असाच होता असं धरलं, तर त्यातले सव्वाआठ लाख हवेचे होते. पण ‘धरलं तर’ हे दोन शब्द त्यांनी अहवालात अधोरेखित केले. पाच दिवस त्यांनी पाहिले होते, तीनशे साठ पाहिले नव्हते.

प्रशासकांनी अहवाल दोनदा वाचला. हुशार माणूस होता, उमेदही होती, आणि चुकलं की मान्य करण्याइतका मोठेपणाही होता, हे बाईंना त्या दिवशी कळलं. ते म्हणाले, “म्हणजे आपली प्रणाली बिनकामाची.”

“नाही साहेब. मिस्त्रींची तोडलेली बिलं तिनेच दाखवली. मला एकटीला ती इतक्या लवकर दिसली नसती,” बाई म्हणाल्या. “फक्त लाल म्हणजे चोर नाही, आणि हिरवा म्हणजे साव नाही. एवढं तिच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, मग खुशाल वापरा.”

ठेकेदाराने पुढच्या दोन आठवड्यांत वकिलाचं पत्र पाठवलं. मग त्याचा काटा वजनमाप कार्यालयात तपासला गेला, आत काट्याची मांडणी मुद्दाम बदललेली आढळली. त्यानंतर त्याने दुसरं, बरंच मवाळ पत्र पाठवलं. सहा लाखांवर तडजोड झाली आणि ठेका गेला. मिस्त्रींना लेखी ताकीद मिळाली, आणि त्याच आठवड्यात नियमही बदलला. पाणी, वीज, लिफ्ट यांची तातडीची कामं पंधरा हजारांपर्यंत अधीक्षकांच्या फोनवरच्या होकाराने करायची, सही दोन दिवसांत. मिस्त्रींनी ताकीद आणि परिपत्रक दोन्ही एकाच खिळ्याला लटकवली.

सिस्टरांचं मात्र बैठकीतल्या एका वाक्याने भागलं नाही. प्रशासकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, दिलगिरीही व्यक्त केली, तरी जेवणाच्या खोलीतली ती दोन टेबलं सिस्टरांच्या मनातून जाईनात. आकडेबाई रोज आपला डबा घेऊन त्यांच्या समोर जाऊन बसू लागल्या. पहिले चार दिवस दोघी न बोलता जेवल्या. पाचव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, “इतकं खारट तूच केलंस की तुझ्या नवऱ्याने?” नवऱ्याने, बाईंनी कबूल केलं. मग सिस्टरांनी आपल्या डब्यातली भाजी अर्धी त्यांच्या झाकणात वाढली.

पुढच्या सोमवारी आकडेबाईंनी रुग्णवाहिकांच्या इंधनाची बिलं काढली. टाकी ठरलेल्या मापाची, रोज भरायची तीही जवळजवळ सारखीच. म्हणजे इथे पहिल्या अंकाचा काही उपयोग नव्हता, हे त्यांना बिलं उघडायच्या आधीच ठाऊक होतं. त्यांनी संगणक बंदच ठेवला, कागद-पेन्सिल घेतली आणि गाड्यांच्या काचेतून आत वाकून किती किलोमीटर झालेत ते वाचायला त्या आवारात निघाल्या.